‘नीडफुल’ म्हणजे नक्की काय करायचं?

चाकणच्या एखाद्या कारखान्यातून जर्मनीतल्या एका साचे बनवणाऱ्या कंपनीला मेल जातो. प्लॅस्टिकच्या एका ब्रॅकेटचं ड्रॉइंग बदललंय, ते कळवायचंय. मेल नमुन्याचा आहे, पण ज्यांनी कुठल्याही ऑफिसात दोन-चार वर्षं काढली आहेत त्यांना तो कानाला ओळखीचा वाटेल:

‘डिअर सर, ग्रीटिंग्ज ऑफ द डे! विथ रेफरन्स टू द ट्रेलिंग मेल, प्लीज फाइंड अटॅच्ड हिअरविथ द रिवाइज्ड ड्रॉइंग फॉर युअर काइंड पेरूजल. अवर टीम इज हॅविंग सम डाउट्स इन द सेम. काइंडली गो थ्रू द सेम अँड डू द नीडफुल अ‍ॅट द अर्लिएस्ट. काइंडली रिव्हर्ट बॅक बाय फ्रायडे ईओडी. थँकिंग यू इन अँटिसिपेशन.’

लिहिणारी डिझाइन इंजिनियर हुशार आहे. तिच्या डोक्यात सगळं स्पष्ट आहे. ब्रॅकेटच्या माउंटिंगचं भोक आधी ८.२ मिलिमीटरचं होतं, आता ते ८.५ करायचंय. त्यासाठी साच्यातली कोअर पिन, म्हणजे प्लॅस्टिक ओतताना भोकाची जागा रिकामी ठेवणारी पोलादी कांडी, बदलावी लागेल. फक्त पिन बदलून भागेल की साच्याचं आणखी काम निघेल, आणि २४ जूनला ठरलेले नमुने वेळेवर मिळतील का, एवढे दोनच प्रश्न तिला विचारायचेत. उत्तरं आली की परचेस ऑर्डर निघेल.

आता हाच मेल समोरच्या माणसाच्या खुर्चीत बसून वाचायचा. त्याचं इंग्रजी चांगलं आहे, पण ते शाळेत शिकलेलं आणि ब्रिटिश-अमेरिकन ग्राहकांबरोबर वापरून घासलेलं आहे. भोकाचा व्यास बदललाय हे मेलमध्ये कुठेच नाही, ते त्याने ड्रॉइंगमधून शोधायचं. ‘डाउट्स’ वाचून त्याला वाटतं, यांना आपल्या कामाविषयी खात्री वाटेनाशी झाली. ‘डू द नीडफुल’ म्हणजे लगेच पिन बदलायला घ्यायची, की आधी भाव द्यायचा? आणि ‘रिव्हर्ट बॅक बाय फ्रायडे’ वाचून तर तो थबकतो. सोबत सुधारलेलं ड्रॉइंग जोडलंय, आणि शुक्रवारपर्यंत ‘रिव्हर्ट’ करायला सांगितलंय. म्हणजे जुन्या ड्रॉइंगवर परत जायचं की काय?

मेलमध्ये व्याकरणाची म्हणावी अशी चूक एकच आहे: ‘इज हॅविंग’. बाकीची वाक्यं व्याकरणाच्या पेपरात पास होतील. तरीही हवं असलेलं काम त्यातून कळत नाही. आणि साच्याच्या धंद्यात गैरसमज महाग पडतो. समोरच्याने ‘नीडफुल’चा अर्थ ‘कामाला लागा’ असा घेऊन पोलाद कापलं, तर कापलेलं पोलाद सहजासहजी परत भरून येत नाही.

या शब्दांची जन्मकथा बहुतेकांच्या समजापेक्षा वेगळी आहे. ‘डू द नीडफुल’ हे भारतीयांनी तयार केलेलं मोडकंतोडकं इंग्रजी नाही. एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश पत्रव्यवहारात हा प्रयोग सर्रास होता. विसाव्या शतकात तो ब्रिटनमध्ये मागे पडला, भारतात मात्र टिकला. त्याच्या बरोबरीने व्यापारी पत्रांची एक पूर्ण बोली तेव्हा इंग्लंडात चालत असे. आलेल्या पत्राला पत्र म्हणायचं नाही, ‘फेव्हर’ म्हणायचं. चालू महिन्याला ‘इन्स्टंट’, गेल्या महिन्याला ‘अल्टिमो’, येत्या महिन्याला ‘प्रॉक्सिमो’. वस्तूचं नाव एकदा घेतलं की पुढे सगळीकडे ‘द सेम’. लंडनच्या पेढीतला कारकून हीच भाषा लिहायचा, आणि मुंबईच्या फोर्टातला कारकूनही तीच.

ब्रिटनमध्ये ही बोली आपोआप गेली नाही, तिच्यावर टीका झाली. ए. पी. हर्बर्ट यांनी १९३५ मध्ये ‘व्हॉट अ वर्ड!’ हे पुस्तक लिहून अशा फुगलेल्या भाषेचा समाचार घेतला. नंतर ब्रिटिश अर्थखात्याच्या सांगण्यावरून सर अर्नेस्ट गॉवर्स यांनी सरकारी नोकरांसाठी ‘प्लेन वर्ड्‌स’ लिहिलं. ते १९४८ साली आलं, आणि १९५४ मध्ये ‘द कम्प्लीट प्लेन वर्ड्‌स’ या नावाने त्याची विस्तारलेली आवृत्ती निघाली. गॉवर्स स्वतः दीर्घकाळ सरकारी नोकरीत होते, फायलींची भाषा त्यांच्या हाताखालून गेलेली होती. त्यांचा रोख असा, की लिहिणाऱ्याने आधी आपल्याला काय म्हणायचंय ते ठरवावं आणि मग वाचणाऱ्याला तेच कळेल असे शब्द निवडावेत.

या तारखा भारताच्या दृष्टीने बघण्यासारख्या आहेत. १९४८ म्हणजे स्वातंत्र्यानंतरचं पहिलंच वर्ष. ब्रिटिशांनी आपल्या कचेऱ्यांची भाषा झाडायला घेतली तेव्हा भारताच्या कचेऱ्या त्यांच्या राहिल्या नव्हत्या. मागे उरलेले मसुदे, फायली आणि पत्रांचे नमुने मात्र जसेच्या तसे पुढे चालले. नवा कारकून जुन्या फाइलवरून शिकायचा. गावोगावच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये विद्यार्थी स्पीडच्या उताऱ्याबरोबर ‘लेटर’ही टाइप करायचे. मिनिटाला तीस शब्दांच्या परीक्षेची तयारी करताना एकच नमुना पत्र पुन्हा पुन्हा बडवलं, की त्यातली वाक्यं बोटांना पाठ होत. पुढे टाइपरायटर गेले, संगणक आले, पण वाक्यं बोटांत राहिली आणि तिथून मेलमध्ये उतरली.

भारतीयांच्या इंग्रजीवर कुणाचं लक्ष गेलं नव्हतं असं नाही. मुंबई इलाख्याच्या नागरी सेवेत असलेले जॉर्ज क्लिफर्ड व्हिटवर्थ यांनी भारतीय लेखकांच्या वाक्प्रयोगांतल्या चुका गोळा करून १९०७ साली ‘इंडियन इंग्लिश’ नावाचं पुस्तक काढलं होतं. पुढे १९७९ मध्ये निहलानी, टंग आणि होसाली यांनी भारतीय आणि ब्रिटिश इंग्रजीतले फरक शेजारी शेजारी मांडणारं पुस्तक लिहिलं. दोन्हींमध्ये सत्तर वर्षांचं अंतर आहे. पहिल्याच्या नावापुढे चुकांचा उल्लेख आहे, दुसऱ्याने दोन वापर समोरासमोर ठेवले. पुढचं वाचताना दुसरी नजर जास्त उपयोगाची.

‘डू द नीडफुल’ इतकं का टिकलं, याचं एक कारण मराठी माणसाला लगेच कळेल. आपल्या सरकारी पत्राचा शेवट कसा होतो? ‘तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती.’ किंवा ‘माहितीसाठी व आवश्यक त्या कार्यवाहीसाठी अग्रेषित.’ हे नीडफुलचंच मराठी रूप. ‘द सेम’ म्हणजे आपलं ‘सदर’. ‘विथ रेफरन्स टू द ट्रेलिंग मेल’ म्हणजे ‘उपरोक्त विषयास अनुसरून’. दोन्ही भाषांतल्या कचेऱ्या एकाच साच्यातून निघालेल्या आहेत, म्हणून एका भाषेतून दुसरीत जाताना कुणाला ठेच लागत नाही.

आणि त्या कचेरीत ‘योग्य ती कार्यवाही’ खरोखर चालायची. तालुक्याच्या कार्यालयात अर्ज आला की त्याचं पुढे काय करायचं हे नियमाने ठरलेलं असे. कुठल्या नोंदवहीत नोंद घ्यायची, कुणाची सही, कोणती प्रत कुठे जाणार, हे टेबलावरच्या माणसाला ठाऊक होतं. ‘नीडफुल’ काय ते दोघांनाही माहीत असल्यामुळे ते लिहायची गरज नव्हती. जर्मनीतल्या साचेवाल्याकडे अशी नोंदवही नाही. त्याच्यापुढे ते काम पहिल्यांदाच आलंय, आणि ‘जे करायचं ते करा’ एवढंच त्याच्या हातात पडतं. म्हणून हा शब्द काढताना त्याच्या जागी दुसरा शब्द शोधून उपयोग नाही. ‘डू द नीडफुल’ खोडून ‘टेक द नेसेसरी अ‍ॅक्शन’ लिहिलं तर गोंधळ तसाच राहतो, फक्त शब्द जरा नवे दिसतात. ‘नीडफुल’ म्हणजे नेमकं कोणतं काम, ते कुणी करायचं आणि कधीपर्यंत, याची उत्तरं लिहिणाऱ्याने स्वतःला द्यायची आणि तीच मेलमध्ये घालायची.

इथे पुष्कळदा एक अवघड गोष्ट बाहेर येते: लिहिणाऱ्यालाच नीट ठाऊक नसतं. आपल्याला भाव हवाय, तारीख हवी आहे, की नुसती पोच? तेव्हा ‘नीडफुल’ हा शब्द तो निर्णय समोरच्याच्या गळ्यात टाकतो. मेल लिहायला जड जात असेल, तर अडचण बहुधा इंग्रजीची नसते. काम ठरलेलं नसतं.

आता ‘रिव्हर्ट’. याची गोष्ट जरा वेगळी आहे, कारण हा शब्द प्रमाण इंग्रजीत आजही जिवंत आहे, पण वेगळ्या अर्थाने.

लॅटिनमध्ये ‘रेव्हर्तेरे’ म्हणजे मागे वळणं. इंग्रजीतही ‘रिव्हर्ट’चा गाभा तोच: पूर्वीच्या स्थितीला परत जाणं. भाडेपट्टा संपला की जमीन मूळ मालकाकडे ‘रिव्हर्ट’ होते. भारतातल्या सरकारी नोकरीत बढतीच्या पदावरून मूळ पदावर परत पाठवलेल्या माणसालाही ‘रिव्हर्ट’ केलं म्हणतात, आणि ती त्याच्या दृष्टीने आनंदाची बातमी नसते. इंग्रजीत एखाद्या विषयाकडेही ‘रिव्हर्ट’ होता येतं, म्हणजे आधी काढलेला विषय पुन्हा हाती घेता येतो. भारतात आणि सिंगापूर, मलेशियात या शब्दाला ‘उत्तर देणं’ हा जो अर्थ चिकटला, तो बहुधा याच वाटेने आला असावा: विषयाकडे परत येतो, म्हणजे तुमच्याकडे परत येतो, म्हणजे कळवतो.

‘रिव्हर्ट बॅक’मध्ये आणखी एक गाठ बसते. ‘रिव्हर्ट’मध्ये ‘मागे’ आधीच आहे, वर ‘बॅक’ लावलं की ते गाईचं गोमूत्र किंवा पिवळं पीतांबर होतं. ‘रिटर्न बॅक’ आणि ‘रिपीट अगेन’ हे त्याच घरातले. यातलं ‘बॅक’ काढायला सांगणारे पुष्कळ भेटतात. पण नुसतं ‘बॅक’ काढून ‘काइंडली रिव्हर्ट’ ठेवलं तर द्विरुक्ती जाते आणि खरी अडचण राहते. परदेशातल्या वाचकाला ‘बॅक’ खटकत नसतं, त्याला ‘रिव्हर्ट’ अडवतं.

पुण्या-बंगळूरच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत ही अडचण फार जवळून दिसते. प्रोग्रामचे बदल सांभाळणारी `git` नावाची प्रणाली जगभर वापरली जाते आणि तिच्यात याच नावाची आज्ञा आहे:

```
git revert
```

या आज्ञेपुढे आधी केलेल्या एखाद्या बदलाची खूण दिली, की `git` तो बदल उलटवणारा नवा बदल तयार करून नोंदवते. इतिहास पुसला जात नाही, पण प्रोग्राम त्या बदलाआधीसारखा वागायला लागतो. आता हिंजवडीतल्या टीम लीडने परदेशातल्या सहकाऱ्याला लिहिलं, ‘प्लीज रिव्हर्ट ऑन यस्टरडेज चेंज’. लीडला हवंय कालच्या बदलाविषयी मत. सहकारी वाचतो, कालचा बदल मागे घ्या. ‘ऑन’ हा छोटा शब्द त्याला सावध करू शकेल, पण घाईत दहा मेल वाचणारा माणूस एका शब्दयोगी अव्ययावर थांबेलच असं नाही. सॉफ्टवेअरच्या मेलांमधून तरी ‘उत्तर द्या’ या अर्थाचा ‘रिव्हर्ट’ पूर्णच हद्दपार करावा. त्याच्या जागी ‘रिप्लाय’, किंवा त्याहून बरं म्हणजे उत्तरात काय हवंय ते: ‘प्लीज टेल मी इफ यू अ‍ॅप्रूव्ह’, ‘प्लीज सेंड द प्राइस’.

आणखी एक घोटाळा याच्याइतकाच मोठा आहे, पण त्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही: ‘अ‍ॅट द अर्लिएस्ट’. आपल्याकडे त्याचा अर्थ ‘लवकरात लवकर’. ब्रिटिश-अमेरिकन वापरात मात्र दिवसाला जोडून आलेलं ‘अ‍ॅट द अर्लिएस्ट’ म्हणजे ‘त्याच्या आधी नाहीच’. ‘मंडे अ‍ॅट द अर्लिएस्ट’ म्हणजे फार लवकर झालं तरी सोमवार. त्यामुळे ‘प्लीज सेंड द सॅम्पल्स ऑन मंडे अ‍ॅट द अर्लिएस्ट’ असं लिहिणारा पुण्याचा माणूस सोमवारी वाट बघत बसतो आणि वाचणारा निवांत होतो, कारण त्याच्या समजुतीने सोमवारच्या आधीचं काही मागितलेलंच नाही. अर्थ इथे पार उलटा फिरतो, आणि चूक झाली हे कुणाच्याच ध्यानात येत नाही, कारण दोघांनाही वाक्य बरोबर वाटलेलं असतं.

‘डाउट’ आणि ‘इटसेल्फ’ यांच्या मुळाशी सरळ मराठी आहे. आपण वर्गात हात वर करून ‘शंका आहे’ म्हणतो, आणि त्या शंकेत अविश्वास नसतो, विचारायची इच्छा असते. इंग्रजी ‘डाउट’मध्ये मात्र अविश्वासाची छटा आधी येते. म्हणून ‘वी हॅव डाउट्स अबाउट युअर ड्रॉइंग’ हे वाक्य तक्रारीसारखं वाजतं, तर ‘वी हॅव टू क्वेश्चन्स’ हे नुसतं विचारणं राहतं. ‘टुडे इटसेल्फ’ आणि ‘यस्टरडे ओन्ली’ हे आपल्या ‘च’चे अवतार. ‘आजच पाठवा’, ‘कालच पाठवलं’ यातला च इंग्रजीत न्यायला शब्द नाही, म्हणून ‘इटसेल्फ’ आणि ‘ओन्ली’ कामाला जुंपले जातात. बोलताना इंग्रज माणूस हे काम आवाजावर जोर देऊन करतो. लिहिताना ‘टुडे’ एवढंच पुरतं, आणि जोर हवाच असेल तर वेळ लिहायची: ‘टुडे बाय फाइव्ह’.

मराठीचा सगळ्यात खोल परिणाम सौजन्यावर दिसतो. मराठीत आदर क्रियापदातच बसतो. ‘पाठव’, ‘पाठवा’, ‘पाठवाल का’, ‘पाठवावे’, ‘पाठवण्यात यावे’: प्रत्यय बदलला की माणसामाणसातलं अंतर बदलतं. इंग्रजीच्या ‘सेंड’ला असे प्रत्यय नाहीत. साहेबांना लिहिताना नुसतं ‘सेंड’ लिहायला हात धजत नाही, अहो-जाहो सोडून एकदम अरे-तुरेवर आल्यासारखं वाटतं. मग तो उघडेपणा झाकायला आजूबाजूला शब्द जमवले जातात: ‘काइंडली’, ‘युअर काइंड पेरूजल’, ‘युअर गुड ऑफिस’, ‘थँकिंग यू इन अँटिसिपेशन’. भावना खरी आहे, ती काढून टाकायची नाही. पण इंग्रजीत ती वेगळ्या जागी ठेवावी लागते. इंग्रजी माणूस विनंती प्रश्नाच्या रूपात करतो: ‘कुड यू सेंड...’. आपलं ‘पाठवाल का’ जे करतं, तेच हे ‘कुड यू’ करतं. सोबत एक ‘प्लीज’ असलं की झालं. शिवाय कारण सांगणं हाही मोठा आदर असतो. ‘ही उत्तरं आली की आम्ही ऑर्डर काढू’ असं लिहिलं, की समोरच्याला आपली घाई कळते आणि हुकूम सोडल्यासारखं वाटत नाही.

‘काइंडली’चं काय करायचं, यावर मतं फार टोकाची असतात. अमेरिकन कानाला तो काहीसा ताठ, क्वचित वैतागलेला वाटतो. भारतात तो सौम्य आहे. एका मेलमध्ये एकदा आला तर काही बिघडत नाही, दर वाक्यात आला की त्याचं वजन जातं. त्याच्यावर वेळ घालवण्यापेक्षा तो वेळ ‘नीडफुल’ला द्यावा.

आता चाकणच्या मेलकडे परत यायचं आणि तो वाक्यागणिक उसवायचा.

‘ग्रीटिंग्ज ऑफ द डे’ सरळ जातं. ‘डिअर सर’च्या जागी माणसाचं नाव येतं. नाव ठाऊक असताना ‘सर’ लिहिलं की मेल सगळ्यांना एकदम पाठवलेल्या परिपत्रकासारखा दिसतो. ‘विथ रेफरन्स टू द ट्रेलिंग मेल’ची गरज नाही, कारण जुना मेल खाली लटकलेलाच आहे. विषयाच्या ओळीत `RE: RE: FW:` च्या मागे नुसतं ‘ड्रॉइंग’ लिहिलेलं होतं, तिथे कोणतं ड्रॉइंग, काय बदललं आणि उत्तर कधी हवं हे येतं. ‘प्लीज फाइंड अटॅच्ड हिअरविथ’ हा लिफाफ्यातल्या कागदांच्या काळाचा प्रयोग. तेव्हा टपाल उघडणाऱ्याला सोबतचे कागद खरंच शोधून मोजावे लागत. आता फाइल डोळ्यांसमोर आहे, तेव्हा ‘हिअर इज’ पुरतं.

‘द सेम’ दोनदा आलाय. पहिल्या वेळी तो ड्रॉइंगसाठी आहे. दुसऱ्या वेळी मात्र तो ड्रॉइंगही असू शकतो, शंकाही आणि आधीचा मेलही. जिथे ‘सेम’ दिसेल तिथे त्या वस्तूचं नाव पुन्हा लिहायचं. इंग्रजीत नाम दुसऱ्यांदा लिहिणं अशुद्ध नाही.

‘सम डाउट्स’चे दोन प्रश्न होतात, आणि ते खरोखर विचारले जातात. मूळ मेलमध्ये शंका आहेत एवढंच सांगितलं होतं, त्या कोणत्या हे नव्हतं. त्यामुळे एक पूर्ण फेरी वाया जाणार होती: तो विचारणार, ‘कोणत्या शंका?’, ही सांगणार, मग तो उत्तर देणार. ‘डू द नीडफुल’च्या जागी करायचं काम येतं, आणि या मेलपुरतं न करायचं कामही: आम्ही लेखी होकार देईपर्यंत साच्याला हात लावू नका. सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच होतं, आणि ‘नीडफुल’खाली ते पूर्ण झाकलं गेलं होतं.

‘फ्रायडे ईओडी’ उरतं. दिवस संपला म्हणजे कुणाचा संपला? जूनमध्ये भारताचं घड्याळ जर्मनीच्या साडेतीन तास पुढे असतं. जर्मनीत संध्याकाळचे पाच वाजतात तेव्हा चाकणमध्ये रात्रीचे साडेआठ झालेले असतात आणि इंजिनियर घरी पोचलेली असते. तिला शुक्रवारी ऑफिस सुटण्याआधी उत्तर हवं असेल, तर जर्मनीतली दुपारची वेळ मागावी लागेल. तारीख, वेळ आणि ती कुणाच्या घड्याळाची, हे तिन्ही लिहिल्याशिवाय मुदत पुरी होत नाही.

एवढं उसवून शिवल्यावर मेल असा होतो:

‘हिअर इज रिव्हिजन सी ऑफ द ब्रॅकेट ड्रॉइंग. वन डायमेन्शन हॅज चेंज्ड: द माउंटिंग होल इज नाऊ ८.५ एमएम, नॉट ८.२. वी हॅव टू क्वेश्चन्स. कॅन यू मेक धिस चेंज बाय रिप्लेसिंग ओन्ली द कोअर पिन, अँड अ‍ॅट व्हॉट कॉस्ट? कॅन यू स्टिल सेंड द सॅम्पल्स ऑन २४ जून? प्लीज डू नॉट चेंज द टूल अन्टिल वी कन्फर्म इन रायटिंग. कुड यू रिप्लाय बाय फ्रायडे, १४ जून, १ पीएम युअर टाइम? वी नीड बोथ आन्सर्स टू रिलीज द परचेस ऑर्डर.’

हा मेल पहिल्यापेक्षा लांब झालाय. जुने शब्द काढले की मेल आखूड होतो असं सर्रास सांगितलं जातं, ते नेहमी खरं नसतं. पोकळ शब्द गेले तरी त्यांच्याखाली दडलेला मजकूर वर येतो, आणि त्याला जागा लागते. मग तपासायचं कसं? मेल एका अशा सहकाऱ्याला द्यावा ज्याला या कामाची काहीच माहिती नाही, आणि विचारावं: वाचणाऱ्याने सोमवारी सकाळी पहिलं काम काय करायचं? त्याला सांगता आलं तर मेल झाला. पहिला मेल वाचून कुणालाच ते सांगता येणार नाही.

स्वतःच्या सवयी शोधायला मेलपेटीच मदत करते. जीमेलच्या शोधपट्टीत पुढची ओळ टाकली, की आपण पाठवलेल्या मेलांपैकी ‘नीडफुल’ असलेले तेवढे समोर येतात:

```
in:sent needful
```

‘नीडफुल’च्या जागी `revert` किंवा `"the same"` घालून पुन्हा शोधता येतं. अवतरणचिन्हांमुळे दोन्ही शब्द लागून आलेले मेलच सापडतात. हा शोध संख्या मोजण्यासाठी नाही. यातले चार-पाच मेल उघडावेत आणि त्यांना काय उत्तर आलं ते बघावं. ज्या मेलला समोरून प्रश्नच आला, ‘तुम्हाला नक्की काय हवंय?’, तिथे हा शब्द आपल्याला नडलाय हे दिसून येतं. मेल लिहून झाल्यावर `Ctrl+F` दाबून तीन-चार ठरलेले शब्द शोधायची सवय काहीजण लावून घेतात. पहिले काही आठवडे ते कामी येतं, पुढे हात आपणच थांबतो.

भारतीय इंग्रजीतलं सगळंच खुडून टाकायचं असं मात्र नाही. ‘प्रीपोन’ हा शब्द ‘पोस्टपोन’ची रिकामी जोडी भरून काढतो, त्याचा अर्थ एकच आहे आणि तो पटकन समजतो. भारतातल्या भारतात, एकाच धंद्यातल्या दोन माणसांत ‘रिव्हर्ट’ही बिनबोभाट चालतो. दोघांनाही अर्थ ठाऊक असतो आणि काम अडत नाही. इंग्रजीच्या काही शब्दकोशांनी या अर्थाची भारतीय इंग्रजी म्हणून नोंदही घेतली आहे. करारनामे आणि नोटिसांची भाषा आणखी वेगळी. तिथे एखाद्या ठरीव शब्दाचा अर्थ न्यायालयाच्या निकालांतून पक्का झालेला असतो, आणि वकिलाला न विचारता तो बदलू नये. सरकारी पत्रातलं ‘आय अ‍ॅम डायरेक्टेड टु से’सुद्धा उगीच आलेलं नाही. पत्रावर सही करणारा अधिकारी स्वतःचं मत देत नाही, शासनाच्या वतीने लिहितो आहे, हे त्यातून सांगितलं जातं.

दुसऱ्याच्या मेलमधलं ‘नीडफुल’ हा जास्त नाजूक प्रश्न. साहेबांचा मेल येतो, वर जर्मनीहून आलेला कोटेशनचा कागद आणि खाली एकच ओळ: ‘प्लीज डू द नीडफुल.’ त्यांची भाषा दुरुस्त करायला जाऊ नये, ते कुणालाच आवडत नाही. अंदाजाने काम करून टाकणंही धोक्याचं. आपला अर्थ त्यांच्यापुढे ठेवायचा आणि होकार घ्यायचा: ‘सर, पिनच्या बदलाची किंमत मंजूर आहे असं समजून मी आज तीन वाजता त्यांना लेखी होकार पाठवते. आधी भावाबद्दल बोलायचं असेल तर तीनच्या आत सांगाल का?’